एकच कार्यक्रम, तीन कॅप्शन: फेसबुक, इन्स्टाग्राम आणि सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर कुठे तोडायचा?

सोसायटीच्या मंडळाचं रक्तदान शिबिर आहे असं समजा. रविवार, १५ जून. पोस्टर तयार आहे, कॅप्शन कुणीतरी लिहिलंय आणि तेच फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर जसंच्या तसं टाकलंय. रविवारी सकाळी काही जण चहाही न घेता येतात, कारण रक्ततपासणीसारखंच रक्तदानही उपाशीपोटी करायचं असतं असा त्यांचा समज असतो. त्यांना आधी खाऊन यायला सांगावं लागतं. ‘उपाशीपोटी येऊ नये’ हे कॅप्शनमध्ये होतं, पण बाराव्या ओळीत. तिथपर्यंत कुणी पोहोचलंच नाही.

आपल्याकडच्या बहुतेक कॅप्शनची सुरुवात साधारण अशी असते:

```
सर्व रहिवासी बंधू-भगिनींना सस्नेह नमस्कार. सालाबादप्रमाणे यंदाही आपल्या मंडळाच्या वतीने भव्य रक्तदान शिबिराचे आयोजन करण्यात आले आहे.
```

ही १३२ कॅरेक्टर्स झाली आणि अजून वार, वेळ, जागा यांपैकी काहीच आलेलं नाही. इन्स्टाग्रामच्या फीडमध्ये कॅप्शनची साधारण पहिली १२५ कॅरेक्टर्स दिसतात आणि पुढे ‘more’ येतं. म्हणजे वाचणाऱ्याला फक्त नमस्कार दिसला.

मराठीत मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण अक्षरं मोजतो, फोन कॅरेक्टर्स मोजतो. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरात लपलेला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘कार्यक्रम’ आपल्याला चार अक्षरांचा शब्द वाटतो: का, र्य, क्र, म. फोनच्या हिशेबात तो नऊ कॅरेक्टर्सचा आहे. इन्स्टाग्रामच्या एकूण २,२०० कॅरेक्टर्सच्या मर्यादेत मराठी मजकूर त्यामुळेच अपेक्षेपेक्षा लवकर संपतो. अर्थात स्थानिक कार्यक्रमासाठी एवढं लिहायची वेळ येऊ नये. खरी अडचण पहिल्या दोन ओळींची असते.

तीच सुरुवात अशी करून बघा:

```
रक्तदान शिबिर, रविवार १५ जून, सकाळी ९ ते दुपारी २. उपाशीपोटी येऊ नका.
```

७० कॅरेक्टर्सच्या आत काय, कधी आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना, तिन्ही बसलं. नमस्कार शेवटी आयोजकांच्या नावाच्या वर टाकला तरी कुणी रागावत नाही.

इन्स्टाग्रामवर हे एकाच सलग ओळीत लिहायचं. अनेक जण पहिल्या ओळीत फक्त ‘रक्तदान शिबिर’ लिहितात, आजूबाजूला लाल थेंबांचे इमोजी लावतात आणि खाली एक रिकामी ओळ सोडतात. दिसायला छान, पण ती रिकामी ओळसुद्धा दिसणारी जागा खाते. त्यात सुरुवातीला अकाउंटचं नाव असतं, तेही पहिल्या ओळीतलीच जागा घेतं. म्हणून ‘more’च्या आधी एंटर नको. त्यानंतर मात्र हवा तेवढा मोकळेपणा घ्या. एक रिकामी ओळ, मग पत्ता, मग रक्तदात्यांसाठीच्या अटी. ओळी सुटाव्यात म्हणून मध्ये टिंबं टाकायची जुनी युक्ती आता लागत नाही.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबली तरी उघडत नाही. नकाशाची लांबलचक लिंक तिथे टाकून काही उपयोग नाही. ‘सोसायटीचा क्लब हाउस, मुख्य गेटमधून डावीकडे’ असं शब्दांत लिहा आणि लिंक बायोमध्ये ठेवा.

फेसबुकवर लिंक चालते आणि लोक थोडं जास्त वाचतातही. तिथे अटी नीट वाक्यांत लिहायला जागा आहे: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, आधीच्या रक्तदानाला पुरुषांसाठी तीन आणि स्त्रियांसाठी चार महिने झालेले असावेत. कुठली औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावं. पण फेसबुकही मोठी पोस्ट काही ओळींनंतर ‘See more’ने झाकतं आणि त्यात प्रत्येक एंटरची ओळ मोजली जाते. एका ओळीत एकच शब्द अशी मांडणी केलीत, तर पाच शब्दांतच दिसणारी जागा संपते. पहिला परिच्छेद सलग ठेवा, पुढे प्रत्येक मुद्द्यानंतर एक रिकामी ओळ सोडा.

इन्स्टाग्रामवरून थेट फेसबुकवर शेअर करताना कॅप्शन तसंच जातं. मग फेसबुकच्या पोस्टवरही ‘लिंक बायोमध्ये’ असं झळकतं. फेसबुकवर ती बायो शोधायची कुठे? ते वाक्य तिथे लगेच एडिट करून लिंक टाका.

व्हॉट्सॲप ग्रुपचा हिशेब बरोबर उलटा. तिथे लोक मेसेज वाचतात ते स्क्रोल करता करता, आणि नंतर वेळ बघायला पुन्हा वर जातात. म्हणून प्रत्येक माहितीला स्वतंत्र ओळ:

```
*रक्तदान शिबिर, रविवार १५ जून*
वेळ: सकाळी ९ ते दुपारी २
जागा: क्लब हाउस, तळमजला

*उपाशीपोटी येऊ नका.* नाश्ता करून या.
वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो
```

पहिली ओळ नोटिफिकेशनमध्येही दिसते, म्हणून वार आणि तारीख तिथेच. ओळी आखूड ठेवल्या की अर्ध्यात तुटत नाहीत. नाहीतर ‘सकाळी ९ ते दुपारी’ एका ओळीत आणि ‘२’ एकटा खालच्या ओळीत, असं होतं. ज्येष्ठांच्या फोनमध्ये फॉन्ट मोठा केलेला असतो, तिथे तर हमखास.

ठळक अक्षरांसाठीचे तारे शब्दाला चिकटलेले हवेत. ताऱ्याच्या आत स्पेस राहिली तर अक्षरं ठळक होत नाहीत, नुसते तारे दिसतात. दोन ओळी ठळक करायच्या असतील तर प्रत्येक ओळीला वेगळे तारे द्या. आणि सगळंच ठळक केलं तर काहीच ठळक राहत नाही. दोन जागा पुरे.

ग्रुपवरचा मेसेज पुढे जातो तेव्हा काय होतं, हेही बघायला हवं. फोटो फॉरवर्ड करताना त्याखालचं कॅप्शन काढून टाकता येतं. शेजारच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फक्त पोस्टर पोहोचलं तरी काम व्हावं, म्हणून ‘उपाशीपोटी येऊ नका’ पोस्टरवरही छापलेलं हवं. शिवाय व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांच्या आतच एडिट होतो आणि तोपर्यंत फॉरवर्ड झालेल्या प्रतींत ती दुरुस्ती दिसत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कॅप्शन नंतरही सुधारता येतं. त्यामुळे तिन्हींपैकी जास्त काळजीपूर्वक तपासायचा तो ग्रुपचा मेसेज, जरी तो सगळ्यात छोटा असला तरी. तारखेसोबत वार लिहिण्याचं कारणही हेच. ‘रविवार १६ जून’ असं चुकून गेलं, तर कॅलेंडर बघणारा कुणीतरी लगेच विचारतो. नुसतं ‘१६ जून’ गेलं तर चूक कुणाच्याच लक्षात येत नाही.

तपासायला फार वेळ लागत नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज आधी स्वतःलाच पाठवा. फेसबुकवर पोस्ट ‘Only me’ ठेवून फोनवर बघा आणि ‘See more’ कुठे येतं ते पाहून मग सगळ्यांसाठी खुली करा. लॅपटॉपवर तपासू नका, तिथे ओळी रुंद असल्यामुळे सगळं व्यवस्थितच दिसतं. इन्स्टाग्रामवर अशी सोय नाही, म्हणून पोस्ट टाकल्यावर लगेच दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरच्या फीडमध्ये बघा. ‘more’ न दाबता त्याला वार, वेळ आणि खाऊन यायचं हे तिन्ही सांगता आलं नाही, तर पहिलं वाक्य अजून छाटावं लागेल.