वनस्पतींची वाढ : पाच टप्प्यांचा शोधपाठ

अमेरिकेतील बीएससीएस संस्थेत रॉजर बायबी व सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या अध्ययनचक्रावर आधारलेला विज्ञानपाठ. आपल्या डी.एड.मध्ये शिकवली जाणारी हर्बार्टची पंचपदी वेगळी. तिथे शिक्षक आधी सांगतो, इथे मुले आधी करून पाहतात. मुळशीतील माल्यासारख्या भातपट्ट्यातल्या शाळेत सुरुवातीला मुलांना गुंतवायला बांधावरचा प्रश्न पुरतो : सावलीतली रोपे उंच पण पिवळट का?

शोधाच्या टप्प्यात ओल्या फडक्यावर मुगाचे शंभर-शंभर दाणे ठेवतात, एक ताट उजेडात, दुसरे अंधारात. आठ-दहा दिवसांत अंधारातली रोपे जास्त लांब होतात आणि बहुतेक मुले ‘अंधारात वाढ जास्त’ असे म्हणतात. हे उत्तर लगेच खोडू नये. ‘उंची म्हणजेच वाढ का?’ असे विचारावे.

स्पष्टीकरणासाठी दोन्हीकडची रोपे मुळांसकट, गळलेल्या डाळिंब्यांसह, वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात. सोबत न भिजवलेले शंभर दाणेही. ओले वजन फसवते, कारण त्यात पाणीच जास्त. अंधारातली वाळलेली रोपे मूळ दाण्यांपेक्षा हलकी भरतात. ‘हरवलेले वजन कुठे गेले?’ श्वसनात साठा खर्च झाला, प्रकाशसंश्लेषणाने भर पडली नाही.

विस्तारात ‘पिवळी रोपे उजेडात आणली तर?’ हे करून पाहतात. मूल्यमापनाला एकच प्रश्न : मोड आलेले मूग फुगतात, ती वाढ किती आणि पाणी किती, कसे ठरवाल?