उंच माणसे जास्त जगतात का?

उंचीवरून आयुष्य ठरत नाही. हवाई बेटांवर १९६५पासून जपानी वंशाच्या ८,००६ पुरुषांचा अनेक दशके अभ्यास झाला. त्यात पाच फूट दोन इंच किंवा त्याहून कमी उंचीचे पुरुष सर्वाधिक जगले. त्यांच्यात दीर्घायुष्याशी जोडलेला ‘फॉक्सओ३’ जनुकाचा प्रकारही जास्त आढळला. अर्थात, हे सारे एकाच वंशाचे पुरुष होते. दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा चित्र दुहेरी निघाले: उंच लोकांत हृदयविकाराने मृत्यू कमी, कर्करोगाने मात्र जास्त. मोठ्या शरीरात पेशी अधिक, हे त्याचे एक संभाव्य कारण. शिवाय उंचीत बालपणीचा आहार आणि आजारपणेही दडलेली असतात. सकस खाऊन वाढलेला मुलगा उंच होतो आणि दीर्घायुषीही ठरतो, तेव्हा श्रेय बहुधा ताटातल्या अन्नाचे असते.