ट्रान्सक्रिप्ट : बीएनपीची गोष्ट आणि किडनीचा घोळ

आज एका रिपोर्टमधल्या आकड्याचा इतिहास.

समजा, ६२ वर्षांच्या एक काकू आहेत. धाप लागली म्हणून त्यांना रात्री कॅज्युअल्टीत आणलंय. रिपोर्टवर एनटी-प्रोबीएनपी १०५०, आणि किडनीचा ईजीएफआर ३८, म्हणजे किडनी बरीच कमी चालतेय. धाप हार्ट फेल्युअरची की न्यूमोनियाची? हार्ट फेल्युअर समजून लघवीचं औषध जोरात दिलं आणि निघाला न्यूमोनिया, तर आधीच दमलेली किडनी आणखी बिघडू शकते. उलटं झालं, तर फुप्फुसात पाणी साचत राहील. मग १०५० जास्त आहे की नाही?

यासाठी १९८१ मध्ये जाऊ. कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भरभरून बाहेर पडायला लागलं. म्हणजे हृदय नुसता पंप नाही, ते हार्मोनही सोडतं.

मग १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत तसंच एक पेप्टाइड सापडलं. मेंदूत मिळालं म्हणून नाव ठेवलं ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, बीएनपी. पुढे कळलं की याचा मुख्य कारखाना हृदयाचे खालचे कप्पे आहेत. तिथल्या भिंतीवर ताण आला की ते जास्त तयार होतं. नाव मात्र तेच चिकटलं.

आता खरी गंमत. हृदय आधी १०८ अमिनो आम्लांची एक लांब साखळी बनवतं. ती कापली जाते आणि दोन तुकडे होतात. ३२ चा तुकडा म्हणजे बीएनपी, हा काम करतो. उरलेला ७६ चा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी, याला काही काम नाही. एका कापात दोन्ही एकेकच बनतात, पण रक्तात टिकतात वेगवेगळे. बीएनपीला पेशींवरचे रिसेप्टर आणि नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम उचलून संपवतं, त्यामुळे साधारण २० मिनिटांत तो निम्मा होतो. दुसऱ्या तुकड्याला ही सोय नाही, तो तासभर किंवा जास्तही रेंगाळतो आणि साचतो. म्हणून बीएनपी ३०० आणि एनटी-प्रोबीएनपी ३०० हे एकच नाही. मागचा रिपोर्ट एका टेस्टचा आणि आजचा दुसऱ्या टेस्टचा असेल, तर तुलना करूच नका.

२००२ मध्ये ‘ब्रीदिंग नॉट प्रॉपर्ली’ या अभ्यासात धाप लागून आलेल्या १५८६ जणांचं बीएनपी मोजलं गेलं आणि १०० हा कट-ऑफ प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्याच लोकांची किडनी पाहिली, तेव्हा लक्षात आलं की ईजीएफआर ६० च्या खाली असेल तर १०० फार कमी पडतो, २०० च्या आसपासची रेषा जास्त बरोबर ठरते. एनटी-प्रोबीएनपीसाठी २००६ मध्ये अशाच रुग्णांकरता १२०० सुचवला गेला. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासाने वयानुसार कट-ऑफ दिले: पन्नाशीच्या आत ४५०, ५० ते ७५ मध्ये ९००, त्यापुढे १८००. आणि ३०० च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता फारच कमी.

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, किडनी गाळत नाही म्हणून आकडा वाढतो. तेवढंच नाही. २००९ च्या एका अभ्यासात ब्लडप्रेशरच्या रुग्णांमध्ये किडनीत जाणारं आणि तिथून परत येणारं रक्त तपासलं. दोन्ही तुकडे किडनी जवळपास सारख्याच प्रमाणात काढत होती. म्हणजे नळ तुंबतो हे खरं, पण टाकीत पाणीही जास्त येतं. किडनीच्या आजारात शरीरात पाणी आणि ब्लडप्रेशर वाढतं आणि हृदयावर खराच ताण येतो. म्हणून वाढलेला आकडा ‘किडनीमुळे आहे, सोडून द्या’ असं म्हणणं धोक्याचं.

आता काकूंकडे परत. वयाच्या रेषेने, म्हणजे ९०० ने, १०५० वर आहे. किडनीच्या रेषेने, म्हणजे १२०० ने, खाली. ३०० च्या तर बराच वर, म्हणजे हार्ट फेल्युअर नाहीच असंही म्हणता येत नाही. एकटा आकडा इथे निकाल देत नाही. मग डॉक्टर छातीचा एक्स-रे, इको, पायावरची सूज, ताप हे सगळं पाहतात. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे जुना रिपोर्ट. काकू बऱ्या असतानाही आकडा १००० असेल, तर १०५० मध्ये नवीन फारसं काही नाही. तेव्हा ३५० असेल, तर तो तिप्पट झालाय आणि हृदयाकडे बोट जातं.

म्हणून घरात कोणाला किडनीचा त्रास असेल, तर बरं वाटत असतानाच्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, टेस्टचं नाव आणि त्याच दिवसाचं क्रिएटिनिन दिसेल असा. कॅज्युअल्टीत तोच आधी दाखवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.