नकाराचीही खात्री देणारा तक्ता

अक्षरांची एखादी माळ दिलेल्या व्याकरणात बसते का, हे ठरवण्याची एक रीत १९६०च्या दशकात जॉन कॉक, टाडाओ कासामी आणि डॅनियल यंगर यांनी स्वतंत्रपणे शोधली. कासामींचा अहवाल १९६५चा, यंगर यांचा निबंध १९६७चा. अट एकच: प्रत्येक नियमाच्या उजवीकडे दोन चिन्हे असावीत, नाहीतर एकच अक्षर.

उदाहरणार्थ, S → AB, S → AT, T → SB, A → a, B → b हे नियम आणि aabb ही माळ घेऊ. तक्त्यात प्रत्येक सलग तुकड्याला एक घर असते; इथे दहा. एकेका अक्षराच्या घरांत A, A, B, B येतात. दोन अक्षरांपैकी फक्त ab ला S मिळतो. त्या S पुढे B जोडला की abb च्या घरात T बसतो; aab चे घर मात्र रिकामे राहते. शेवटी पहिला A आणि हा T मिळून पूर्ण माळेला S देतात. माळ व्याकरणात बसली.

aab एवढीच माळ असती, तर ते रिकामे घरच ठाम नकार ठरले असते, कारण तिची प्रत्येक फोड तपासून झालेली असते. या खात्रीची किंमतही आहे: माळ दुप्पट झाली की काम सुमारे आठपट होते.