सॉर्टिनो गुणोत्तर

फ्रँक सॉर्टिनो यांच्या नावाने ओळखले जाणारे, फंडाचा परतावा आणि तोट्याची जोखीम यांची सांगड घालणारे माप. सरासरी परताव्यातून गुंतवणूकदाराने ठरवलेला किमान परतावा वजा करून बाकीला अधोविचलनाने भागतात. अधोविचलन म्हणजे किमान परताव्याच्या तुलनेत पडलेल्या तुटींच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ. ही सरासरी काढताना तूट नसलेली वर्षेही शून्य धरून मोजतात. ती वगळली, तर उत्तर चुकते.

समजा, एका फंडाने पाच वर्षांत 2, 2, 2, 2, 12 टक्के दिले आणि दुसऱ्याने 6, 6, 6, 6, उणे 4. दोघांची सरासरी 4 व प्रमाण विचलनही 4. त्यामुळे शार्प गुणोत्तर दोघांना सारखेच ठरवते. किमान परतावा 3 टक्के धरल्यास मात्र सॉर्टिनो गुणोत्तर पहिल्याचे 1.12, तर दुसऱ्याचे 0.32 येते. यावर रास्त आक्षेप असा की, पहिल्या चार वर्षांत दुसऱ्याची तूट शून्यच दिसली असती. कर्जरोख्यांच्या फंडांत हा धोका खरा आहे: फ्रँकलिन टेम्पलटनने 23 एप्रिल 2020 रोजी सहा कर्जरोखे योजना गुंडाळल्या, तेव्हा पैसे अडकण्याची जोखीम जुन्या परताव्यांच्या आकड्यांत मावणारी नव्हती. म्हणून मंदीचा काळ समाविष्ट असलेली दीर्घ आकडेवारी आणि रोख्यांची पतही तपासावी.