लग्न जमलं, पण साइटवरचं स्थळ तसंच? प्रोफाईल काढल्याचा पुरावा असा ठेवा

वेळापूर : माझ्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न माघात झालं. चैत्र सरला तरी भावाच्या मोबाईलवर स्थळांचे फोन येतच होते. पुढं सासरकडच्या एका पाहुण्याला विवाह जुळवणाऱ्या साइटवर तिचा फोटो 'अविवाहित' म्हणून दिसला, आणि घरात विषय निघाला. भाऊ म्हणाला, "मी तर कधीच काढून टाकलंय." त्यानं काढलं होतं फक्त मोबाईलमधलं ॲप. कंपनीला फोन लावला तर उत्तर आलं, "तुमची विनंतीच आमच्याकडे आलेली नाही." आणि विनंती केल्याचा कागद काही आमच्याकडे नव्हता.

ॲप काढणं म्हणजे खातं काढणं नव्हे

ॲप मोबाईलमधून जातं, पण खातं कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहतं. Hide किंवा Deactivate दाबलं तर प्रोफाईल नुसतं झाकलं जातं. सेटिंगमध्ये जाऊन Delete हाच पर्याय शोधावा लागतो. त्यासाठी बहुतेक ठिकाणी नोंदणीच्या नंबरवर ओटीपी येतो, म्हणून जुनं सिमकार्ड बंद करायच्या आधी हे काम उरकून घ्या.

काढण्याआधी काय जपायचं

खातं गेल्यावर आतलं काही बघता येत नाही. त्यामुळे आधी प्रोफाईलचा नंबर वहीत लिहा, प्रोफाईलची आणि फोटोची लिंक कॉपी करून ठेवा, पानाचा स्क्रीनशॉट घ्या. Delete दाबल्यावर येणाऱ्या संदेशाचाही स्क्रीनशॉट घ्या.

एवढ्यावर थांबू नका. साइटच्या खाली तक्रार अधिकाऱ्याचा म्हणजे Grievance Officer चा ईमेल असतो. नोंदणीच्या ईमेलवरूनच त्याला साधं लिहा :

"माझा प्रोफाईल नंबर अमुक. माझं खातं, फोटो आणि मोबाईल नंबर कायमचे काढून टाकावेत. काढल्याचं लेखी कळवावं."

सोबत स्क्रीनशॉट जोडा. नुसत्या स्क्रीनशॉटवर कुणी शंका घेऊ शकतं, पण पाठवलेल्या ईमेलवर तारीख, वेळ आणि कुणाला पाठवला ते आपोआप राहतं. उत्तरात तक्रार क्रमांक आला की तोही वहीत उतरवा.

खरंच गेलं का, हे कसं बघायचं

आपल्या खात्यात लॉगिन करून बघू नका. काही ठिकाणी लॉगिन केलं की काढण्याची विनंतीच रद्द होते. फेसबुकवर विनंतीनंतर ३० दिवसांच्या आत लॉगिन करून ती रद्द करता येते. त्यामुळे दुसऱ्याच्या मोबाईलवर, ब्राउझरच्या Incognito खिडकीत, जपून ठेवलेली लिंक उघडा. त्या साइटवर ओळखीच्या कुणाचं खातं असेल तर त्याला प्रोफाईल नंबर टाकून शोधायला सांगा. फोटोची लिंक वेगळी उघडा, कारण पान गेलं तरी फोटो मागं राहू शकतो.

आमचं तसंच झालं. ४ मे रोजी विनंती आणि ईमेल केला, तक्रार क्रमांक त्याच दिवशी आला. १२ मे रोजी बघितलं तर पान गेलेलं, पण फोटोच्या लिंकवर फोटो उघडत होता. त्याच ईमेलला उत्तर म्हणून स्क्रीनशॉट जोडून पुन्हा कळवलं. १५ तारखेला फोटो गेला. महिन्याने परत एकदा बघितलं, तेव्हा भावाचा जीव भांड्यात पडला.

गुगलवर नाव अजून दिसतं, पण दाबल्यावर पान उघडत नाही, असं असेल तर ती गुगलकडची जुनी नोंद आहे. गुगलच्या Refresh Outdated Content या पानावर ती लिंक टाकली की नोंद काढायची विनंती करता येते.

दाद न घेतल्यास

२०२१ च्या आयटी नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यायची असते. निकालासाठी त्या नियमांत १५ दिवस ठेवले होते, म्हणून त्याच्या वर वाट बघत बसू नका. उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत gac.gov.in वर केंद्र सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं. तिथं हीच वही आणि हेच ईमेल कामी येतात.

एक लक्षात ठेवा. याच नियमांप्रमाणे खातं बंद झाल्यावरही कंपनीला नोंदणीची माहिती १८० दिवस स्वतःजवळ ठेवावी लागते. म्हणून "सगळा डेटा आजच पुसा" असा हट्ट चालत नाही. प्रोफाईल आणि फोटो दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये, एवढं मात्र ठासून मागा. आणि १८० दिवस झाले की राहिलेली माहिती काढली का, हे त्याच ईमेलवर विचारा. तोवर तो ईमेल आपणच डिलीट करू नका.