पणजोबांचा हरवलेला पटका

आजचा भाग आमच्या अकोल्याच्या घरातल्या एका फोटोबद्दल आहे. १९३१ सालचा. माझे पणजोबा अंगात काळा कोट घालून गडद पडद्यासमोर खुर्चीत बसलेत. मला त्यांना पडद्यापासून वेगळं कापून, फिकट पार्श्वभूमीवर मोठी फ्रेम करायची होती. आधी हे काम एका दुकानात दिलं होतं. फ्रेम घरी आली, आजीनं पाहिली आणि म्हणाली, "हे माहे सासरे नाईत. पटका कुठं गेला? लालभडक पटका होता नं बापा!"

कापणाऱ्याला पटका दिसलाच नव्हता. मूळ फोटोत कपाळाच्या वर सगळं काळंच होतं, म्हणून त्यानं कपाळालगत कात्री चालवली.

आता, लाल पटका काळा कसा झाला? त्या काळात स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून तर फोटोग्राफर अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावून आरामात प्लेट धुवायचा. ज्या लाल उजेडानं प्लेट खराब होत नव्हती, तोच लाल उजेड पटक्यावरून आला तर त्याची नोंद तरी कशी होणार? लाल रंगही पकडणाऱ्या प्लेटा १९०६ पासून विकत मिळत होत्या, पण त्या पूर्ण अंधारात धुवाव्या लागत. जुनी प्लेट सोयीची होती.

पण "जवळजवळ" या शब्दातच आपलं काम आहे. १८९० मध्ये इंग्लंडमधल्या हर्टर आणि ड्रिफिल्ड या दोघांनी, किती उजेड पडला की प्लेट किती काळी होते, याचा आलेख मांडला. तो तिरप्या एस अक्षरासारखा दिसतो. त्याच्या खालच्या टोकाला, म्हणजे पायथ्याशी, रेघ जवळपास आडवी असते. तिथं उजेडातला फरक अगदी चेपून नोंदला जातो. चेपला जातो, पण पूर्ण पुसला जातोच असं नाही. फोटो एडिटरमधला कर्व्ह हा त्याच आलेखाचा नातेवाईक. चेपलेला भाग आपण त्यानं पुन्हा ताणतो.

मी मूळ प्रिंट ६०० डीपीआयला, १६ बिट टिफमध्ये स्कॅन केली. काळं म्हणजे ० आणि पांढरं म्हणजे २५५ धरलं, तर पडदा ९ च्या आसपास, कोट ११ आणि पटका १४. डोळ्याला तिन्ही सारखेच. जिंपमध्ये लेयरची कॉपी केली आणि त्या कॉपीवर `Colors > Curves` उघडलं. ८ चा बिंदू ३० वर नेला, २० चा बिंदू १५० वर. म्हणजे मधला पट्टा दहापट ताणला. पडदा साधारण ४० वर आला, कोट ६० वर, पटका ९० वर. चेहरा पांढराफटक झाला, पण तो या कॉपीत बघायचाच नव्हता. आणि पटका दिसला! डाव्या बाजूला वर आलेला तुरासुद्धा.

फरक दहापट होतो तसे कागदाचे दाणेही दहापट होतात. म्हणून त्या कॉपीला दोन पिक्सेलचा हलका ब्लर दिला, म्हणजे दाणे बसतात आणि कड राहते. मग पाथ टूलनं कडेकडेनं बिंदू टाकले, पाथची सिलेक्शन केली, तिची कड एक पिक्सेल मऊ केली आणि मूळ लेयरवर मास्क लावला. ताणलेली कॉपी डिलीट. ती फक्त बघण्यासाठी होती. अंतिम चित्रात मूळच्याच सावल्या राहतात.

आधी मी शहाणपणा करून व्हॉट्सॲपवर आलेल्या जेपीजीवर हेच केलं होतं. तिथं पटक्याऐवजी पायऱ्या दिसल्या. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करतं आणि अंधारातले बारीक फरक टाकून देतं. ताणल्यावर त्या चौकोनांच्याच कडा वर येतात. ओळखायचं कसं? झूम करा. कड सरळ आडवी-उभी जाऊन काटकोनात वळत असेल, तर ती कापडाची नाही. पटक्याची घडी वाकते.

उजव्या खांद्यापाशी मात्र कर्व्हही हरला. तिथं कोट आणि पडदा दोन्ही एकाच आकड्यावर होते, आणि फरक शून्य असेल तर दहापट शून्यच. डाव्या खांद्यावरून अंदाजानं रेघ मारता आली असती. मी नाही मारली. तेवढा भाग गडदच ठेवून हळूहळू पार्श्वभूमीत विरू दिला.

नवी फ्रेम आजीपुढं ठेवली. तिनं चष्मा पुसला, बराच वेळ तुऱ्याकडं पाहिलं. मग विचारलं, "अन् हा लाल काऊन नाई केला?"